घर ठरवण्यापूर्वी हिंजवडीच्या प्रवासाचे मोजमाप: कोणत्या घरातून, किती वाजता, किती वेळ

पुण्यात भाड्याचे किंवा विकतचे घर शोधताना प्रवासाविषयीचा प्रश्न बहुधा एकाच वाक्यात विचारला जातो, की ‘इथून हिंजवडी किती लांब?’ आणि त्याचे उत्तरही एकाच आकड्यात मिळते. ‘दहा मिनिटे’ किंवा ‘अर्धा तास’ असे सांगणारा एजंट खोटे बोलत असतो असे नाही, परंतु तो कोणत्या वेळेचे, कोणत्या दिशेचे आणि हिंजवडीतल्या कोणत्या ठिकाणापर्यंतचे सांगतो आहे हे त्या आकड्यातून कळत नाही. रविवारी दुपारी वाकडच्या उड्डाणपुलापर्यंत दहा मिनिटांत पोहोचणारा माणूस मंगळवारी सकाळी नऊ वाजता फेज ३ मधल्या आपल्या इमारतीपर्यंत किती वेळात पोहोचेल, हा पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे.

या लेखात मी एकच परिस्थिती घेतली आहे. कार्यालय राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फेज ३ मध्ये आहे, वाहन स्वतःची मोटार आहे आणि घरासाठी वाकड, मारुंजी व बावधन असे तीन पर्याय मनात आहेत. मोजणीची पद्धत खराडी, मगरपट्टा किंवा तळवडेच्या कार्यालयालाही तशीच लागू करता येईल, मात्र तिथल्या अडचणीच्या जागा वेगळ्या असतील आणि त्या तुम्हाला स्वतः शोधाव्या लागतील.

आधी दोन्ही टोके पक्की करावीत

मोजणी बिघडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे नकाशावर चुकीच्या जागी लावलेली खूण. नुसते ‘हिंजवडी’ असे शोधले तर खूण फेज ३ वर न पडता बरीच अलीकडे, गावाच्या भागात पडते. शिवाजी चौकापासून फेज १, तिथून विप्रो सर्कल आणि पुढे फेज ३ हे अंतर काही किलोमीटरचे आहे आणि सकाळच्या वेळी कोंडीचा मोठा भाग याच पट्ट्यात असतो. म्हणून शेवटचे टोक हे कार्यालयाच्या नावाने न शोधता, ज्या फाटकातून मोटार पार्किंगमध्ये शिरते त्या फाटकावर नकाशात बोट दाबून ठेवून निश्चित करावे आणि तिथे दिसणारे अक्षांश-रेखांश उतरवून घ्यावेत.

हेच घराच्या टोकाबाबत करावे. सोसायटीचे मुख्य फाटक कोणत्या रस्त्यावर उघडते आणि त्या रस्त्याला मधोमध दुभाजक आहे का, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. फाटकातून डावीकडेच वळता येत असेल आणि पुढचे वळण बरेच लांब असेल, तर रोजच्या प्रवासाला तेवढी भर पडते. नकाशावर सोसायटीच्या नावाची खूण कधी कधी मागच्या भिंतीजवळ असते, आणि मग नकाशा तुम्हाला अस्तित्वात नसलेल्या वाटेने बाहेर काढतो.

त्यानंतर महामार्गाचा विचार करावा, कारण या भागात घर महामार्गाच्या कोणत्या बाजूला आहे याला किलोमीटरइतकेच महत्त्व आहे. मुंबई–बेंगळुरू महामार्ग इथे साधारण दक्षिणोत्तर जातो आणि हिंजवडी त्याच्या पश्चिमेला आहे. वाकडचा मोठा भाग पूर्वेला असल्यामुळे तिथल्या रहिवाशाला सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा महामार्ग ओलांडावा लागतो, आणि ओलांडण्याच्या जागा मोजक्याच आहेत. त्यांपैकी भूमकर चौकातल्या महामार्गाखालच्या वाटेवर ताथवडे, डांगे चौक आणि वाकड या तिन्ही बाजूंची वाहने एकत्र येतात. मारुंजी पश्चिमेलाच असल्यामुळे तिथल्या माणसाला महामार्ग ओलांडावाच लागत नाही. बावधनकडून येणाऱ्याची स्थिती मधली आहे: उत्तरेकडे जाणारी मार्गिका महामार्गाच्या पश्चिम बाजूला असल्याने सकाळी त्याला वाकडजवळ डावीकडे उतरून सरळ हिंजवडीत शिरता येते, परंतु संध्याकाळी दक्षिणेकडच्या मार्गिकेवर येण्यासाठी त्याला महामार्ग ओलांडावा लागतो. त्यामुळे बावधनच्या घराबाबत नुसती सकाळची वेळ मोजून दुप्पट करणे हा फसवा हिशेब ठरतो, आणि मोजणी दोन्ही दिशांनी स्वतंत्रपणे करावी लागते.

आपली खरी वेळ लिहून काढावी

मोजणीला बसण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: कार्यालयात जागेवर बसण्याची शेवटची चालणारी वेळ, निघण्याची नेहमीची वेळ, आठवड्यातले कार्यालयात जाण्याचे वार, आणि या वेळांमध्ये आपल्या हातात खरोखर किती बदल आहे. शेवटची गोष्ट मनापासून तपासावी. ‘मी आठला निघून पाचला परत येईन’ असे घर पाहताना सगळ्यांनाच वाटते, परंतु तुमच्या गटाची रोजची बैठक संध्याकाळी साडेसहाला परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर असेल, तर पाचची वेळ तुमची नाही. शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्या शाळेची वेळही सकाळच्या निघण्याला बांधून टाकते. पुढच्या सगळ्या आकडेमोडीचे उत्तर या चार ओळींवर अवलंबून असल्याने, त्या सोयीच्या नव्हे तर गेल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्यक्ष घडल्या तशा लिहाव्यात.

आपल्या उदाहरणात जागेवर बसण्याची वेळ ९:३०, निघण्याची वेळ संध्याकाळी ६:३० आणि कार्यालयाचे दिवस आठवड्यातून तीन, मंगळवार ते गुरुवार, असे धरू.

पहिली फेरी: घरबसल्या अंदाज

गुगल मॅप्स संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून सुरुवातीचे आणि शेवटचे ठिकाण अक्षांश-रेखांशांनी भरावे आणि मोटारीचे चिन्ह निवडावे. `Leave now` असे लिहिलेल्या यादीतून `Depart at` निवडल्यावर दिवस व वेळ देता येते. येत्या आठवड्यातला सुट्टी नसलेला मंगळवार घ्यावा आणि सकाळी ७:३० पासून १०:०० पर्यंत, दर पंधरा मिनिटांनी वेळ बदलत जावे. प्रत्येक वेळी एकच आकडा न येता `typically` या शब्दापुढे दोन टोके येतात, उदाहरणार्थ ३० मिनिटे ते १ तास. ही दोन्ही टोके वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये उतरवावीत. मग दिशा उलटी करून संध्याकाळी ५:०० ते ९:०० या काळासाठी तेच करावे. एका घराला यासाठी अर्धा तास पुरतो.

या फेरीतून दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली म्हणजे वेळ कुठे चढू लागते. सकाळचा आलेख हळूहळू चढत नाही, तो एखाद्या पाव तासात एकदम उंच होतो, आणि त्या पाव तासाच्या अलीकडे किंवा पलीकडे निघणे हा रोजच्या आयुष्यातला मोठा फरक असतो. दुसरी म्हणजे दोन टोकांमधले अंतर. खालचे टोक ३० आणि वरचे ४० असलेल्या वाटेवर भरवसा ठेवता येतो, तर ३० आणि ७० असलेल्या वाटेवर तुम्हाला रोज ७० धरूनच निघावे लागेल.

मात्र हा अंदाज आधीच्या रहदारीच्या अनुभवावर बांधलेला असतो, याचे भान ठेवावे. परवा सुरू झालेले रस्त्याचे खोदकाम किंवा कालपासून लागू झालेली एकेरी वाहतूक त्यात उतरलेली नसेल. हिंजवडीत वाहतुकीचे प्रयोग वारंवार होतात आणि त्यांच्या अधिसूचना पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडून निघतात, म्हणून त्या आठवड्यात कोणता बदल लागू आहे हे वर्तमानपत्रात पाहून ठेवावे. आणखी एक बारीक गोष्ट अशी की वेगवेगळ्या वेळांना नकाशा वेगवेगळी वाट सुचवतो. बावधनसाठी तो एरवी महामार्ग दाखवेल आणि ऐन गर्दीत कदाचित सूस–नांदे–चांदे बाजूने फेज ३ कडे येणारा रस्ता दाखवेल. तो रस्ता रात्री परतताना, पावसात, घरातल्या प्रत्येक चालकाला चालण्यासारखा वाटतो का, हे तुम्ही ठरवायचे आहे. म्हणून नोंदीत मिनिटांच्या शेजारी वाटेचे नावही लिहावे; नाहीतर दोन वेगळ्या रस्त्यांचे आकडे एकाच स्तंभात बसतात आणि तुलना निरर्थक होते.

दुसरी फेरी: दोन आठवड्यांच्या चालू नोंदी

अंदाजावर थांबू नये. प्रत्येक घरासाठी जाण्याचा आणि येण्याचा असे दोन दुवे तयार करून फोनमध्ये साठवावेत. दुव्याची रचना अशी असते:

```
https://www.google.com/maps/dir/?api=1&origin=LAT,LNG&destination=LAT,LNG&travelmode=driving
```

`LAT,LNG` च्या जागी तुम्ही उतरवलेले अक्षांश-रेखांश घालावेत. ठरलेल्या वेळी, म्हणजे सकाळी ८:००, ८:१५, ८:३०, ८:४५ आणि ९:०० ला, दुवा उघडला की त्या क्षणाच्या रहदारीनुसारची वेळ दिसते. यासाठी कुठेही जावे लागत नाही, स्वयंपाकघरात उभे राहूनही नोंद घेता येते, आणि तीन घरांच्या नोंदी एकाच मिनिटात होत असल्याने तुलना न्याय्य राहते. दोन जणांनी वेळा वाटून घेतल्या तर काम हलके होते. सोमवार ते शुक्रवार असे दोन आठवडे हे केले की प्रत्येक वेळेसाठी दहा नोंदी हाताशी येतात. वाहन चालवताना मात्र ही नोंद कधीही घेऊ नये.

चालू नोंदीतही एक उणीव आहे. कोंडी वाढत असताना, म्हणजे साधारण सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान, दिसणारी वेळ प्रत्यक्षात लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असू शकते, कारण तुम्ही भूमकर चौकात किंवा शिवाजी चौकात पोहोचेपर्यंत तिथली रांग आणखी लांबलेली असते. उलट, संध्याकाळी उशिरा कोंडी उतरत असताना प्रत्यक्ष वेळ दाखवलेल्यापेक्षा कमी लागण्याची शक्यता असते. ही चूक किती मोठी आहे हे तिसऱ्या फेरीत कळते.

वारांचाही विचार करावा. तुम्ही मंगळवार ते गुरुवार जाणार असाल तर सोमवार आणि शुक्रवारच्या नोंदी वेगळ्या रंगात ठेवाव्यात. अनेक कंपन्यांत लोक आठवड्याच्या मधल्या दिवशी कार्यालयात येतात, त्यामुळे शुक्रवारची सकाळ फसवी मोकळी असू शकते. आणि शुक्रवारी संध्याकाळी महामार्गावर गावाला निघालेल्यांची भर पडते, जी बावधनच्या वाटेला जास्त जाणवते आणि मारुंजीच्या वाटेला कमी.

तिसरी फेरी: प्रत्यक्ष प्रवास, तुकड्यांनी

निवड दोन घरांवर आली की प्रत्येकी एक सकाळ आणि एक संध्याकाळ प्रत्यक्ष जाऊन पाहावे. इथे एकूण वेळेपेक्षा तुकड्यांची वेळ अधिक सांगून जाते. वाकडच्या घरासाठी सोसायटीच्या फाटकापासून भूमकर चौकाच्या अलीकडच्या रांगेपर्यंत, तिथून महामार्गाखालून पलीकडे, तिथून विप्रो सर्कलपर्यंत आणि शेवटी फेज ३ च्या फाटकापर्यंत असे चार तुकडे करावेत. शेजारी बसलेल्या व्यक्तीने प्रत्येक ठिकाणची घड्याळातली वेळ लिहावी. एकटे असाल तर फोनचे ध्वनिमुद्रण निघतानाच सुरू करून ठेवावे आणि प्रत्येक ठिकाणाचे नाव नुसते तोंडाने उच्चारावे, वेळ नंतर मुद्रणावरून काढता येते.

तुकड्यांचा उपयोग असा की उशीर कुठे साठतो हे कळते, आणि त्यावरून घर बदलून तो टळेल का, हेही कळते. बहुतेक उशीर विप्रो सर्कलच्या पुढे, म्हणजे पार्कच्या आत होत असेल, तर वाकडऐवजी बावधन किंवा बाणेर घेतल्याने तो टळणार नाही, कारण तो तुकडा सगळ्यांच्याच वाट्याला येतो. उशीर महामार्ग ओलांडताना होत असेल, तर पश्चिमेकडचे घर घेणे हा खरा उपाय आहे. दुचाकीवाल्यांनीही हा तक्ता पाहावा: चौकातल्या रांगेत दुचाकी बरीच पुढे सरकते, तर महामार्गावरच्या लांब अंतरात तिला तसा फायदा मिळत नाही, म्हणून दुचाकीसाठी घरांचा क्रम मोटारीपेक्षा वेगळा लागू शकतो. त्यांनी नकाशाच्या मोबाइल ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडून वेगळ्या नोंदी कराव्यात.

याच फेरीत नकाशाबाहेरची मिनिटेही मोजावीत. दारातून निघून लिफ्ट, पार्किंग आणि फाटक यांत गेलेला वेळ, तसेच कार्यालयाच्या फाटकावरची तपासणी, बहुमजली पार्किंगमधली चक्कर आणि पुन्हा लिफ्ट. पंधरा-वीस मजल्यांच्या सोसायटीत सकाळी लिफ्टची वाट पाहण्यात जाणारी मिनिटे कुठल्याच नकाशात दिसत नाहीत. उदाहरणात कार्यालयाकडची ही मिनिटे सकाळी दहा आणि संध्याकाळीही दहा धरली आहेत. घराकडची मिनिटे सोपेपणासाठी सोडली आहेत. तुम्ही ती आपल्या घरांना मिळवून घ्यावीत.

आकड्यांचा हिशेब

आता प्रत्येक वेळेच्या दहा नोंदींवरून दोन आकडे काढायचे. पहिला मधला आकडा, म्हणजे निम्मे दिवस ज्याच्या खाली आणि निम्मे ज्याच्या वर असतात तो. दुसरा वाईट दिवसाचा आकडा, म्हणजे दहापैकी नऊ दिवस ज्याच्या आत प्रवास होतो तो. सरासरी काढू नये, कारण अपघातामुळे झालेला एखादा दोन तासांचा प्रवास सरासरीला ओढून नेतो आणि नेहमीचा दिवस कसा असतो ते त्यातून दिसत नाही. नोंदी B2 ते B11 या चौकटींत असतील तर सूत्रे अशी आहेत:

```
=MEDIAN(B2:B11)
=PERCENTILE(B2:B11,0.9)
```

पुढचे सर्व आकडे पद्धत समजावण्यासाठी मानलेले आहेत. ते त्या भागांचे प्रत्यक्ष मोजमाप म्हणून वापरू नयेत. समजा वाकडहून सकाळी ९:०० ला घेतलेल्या दहा नोंदी, लहानाकडून मोठ्याकडे लावल्यावर, ३४, ३६, ३७, ३८, ४०, ४२, ४३, ४७, ५५ आणि ६१ मिनिटे अशा आहेत. मधला आकडा ४१ येतो आणि वाईट दिवसाचा सुमारे ५६. बावधनहून त्याच वेळच्या नोंदी ५०, ५२, ५३, ५४, ५५, ५६, ५८, ६०, ६३ आणि ७० असतील, तर मधला आकडा साडेपंचावन्न आणि वाईट दिवसाचा सुमारे ६४. नेहमीच्या दिवशी बावधन जवळजवळ पंधरा मिनिटांनी मागे आहे, परंतु वाईट दिवशी हा फरक आठ मिनिटांवर येतो. अंतर दुपटीच्या आसपास असूनही असे होते, कारण वाकडच्या प्रवासाचा मोठा भाग एका चौकाच्या रांगेवर अवलंबून आहे आणि तो चौक बिघडला की सगळा प्रवास बिघडतो, तर बावधनचा बराचसा प्रवास चालत्या महामार्गावर होतो.

यानंतर माझ्या मते सर्वांत उपयोगी आकडा काढायचा: जागेवर ९:३० ला बसायचे असेल तर दहापैकी नऊ दिवस वेळ साधण्यासाठी घरून उशिरात उशिरा किती वाजता निघावे लागेल. निघण्याच्या प्रत्येक वेळेत वाईट दिवसाची मिनिटे आणि कार्यालयाकडची दहा मिनिटे मिळवायची आणि बेरीज ९:३० च्या आत बसते का ते पाहायचे. समजा वाईट दिवसाची मिनिटे अशी आहेत:

| निघण्याची वेळ | मारुंजी | वाकड | बावधन |
|---|---|---|---|
| ८:०० | १७ | २९ | ४१ |
| ८:१५ | १९ | ३२ | ५० |
| ८:३० | २३ | ३८ | ५८ |
| ८:४५ | २७ | ४८ | ६२ |
| ९:०० | ३१ | ५६ | ६४ |

वाकडहून ८:४५ ला निघाले तर ४८ मिनिटांनी ९:३३ होतात, म्हणजे फाटकावरच उशीर झालेला असतो. ८:३० ला निघाले तर ९:०८ ला फाटक आणि ९:१८ ला जागा, म्हणून वाकडची वेळ ८:३०. बावधनहून ८:३० ला निघाले तर जागेवर पोहोचेपर्यंत ९:३८ होतात, म्हणून ८:१५ ला निघणे भाग आहे आणि त्या दिवशी माणूस ९:१५ ला जागेवर बसतो. मारुंजीहून ८:४५ ला निघाले तर ९:२२ ला काम सुरू करता येते.

संध्याकाळ अशीच मोजायची. ६:३० ला उठून दहा मिनिटांनी पार्किंगचे फाटक ओलांडले आणि तिथून वाईट दिवशी मारुंजीला ५२, वाकडला ६६ आणि बावधनला ७८ मिनिटे लागली असे धरू. घरी पोहोचण्याच्या वेळा अनुक्रमे ७:३२, ७:४६ आणि ७:५८ येतात. सकाळी दार ओढल्यापासून संध्याकाळी दार उघडेपर्यंतचा काळ मारुंजीला १० तास ४७ मिनिटे, वाकडला ११ तास १६ मिनिटे आणि बावधनला ११ तास ४३ मिनिटे होतो. वाकड आणि बावधन यांच्यात दिवसाला २७ मिनिटांचा फरक उरतो. महिन्यात कार्यालयाचे दिवस तेरा धरले तर तो सहा तासांच्या आत राहतो. मग दोन्ही घरांच्या भाड्यातला किंवा हप्त्यातला फरक आणि इंधनाचा जादा खर्च हे दोन आकडे त्या सहा तासांच्या शेजारी ठेवून निर्णय घेता येतो. पाचही दिवस जाणाऱ्यासाठी तोच फरक महिन्याला दहा तासांच्या जवळ जातो, म्हणून आठवड्यातले दिवस सुरुवातीलाच लिहून काढायला सांगितले.

मारुंजीच्या नोंदीतली एक गोष्ट नजरेतून सुटू नये. सकाळी सर्वांत चांगले दिसणारे हे घर संध्याकाळी वाईट दिवशी ५२ मिनिटे मागते, म्हणजे सकाळच्या जवळजवळ दुप्पट. जवळचे घर दिवसातल्या सगळ्या वेळांना त्याच प्रमाणात जवळचे नसते, कारण फेज ३ मधून बाहेर पडणाऱ्या रांगेतून मारुंजीच्या माणसालाही जावेच लागते.

वेळ बदलली तर क्रम बदलतो का

आता तोच तक्ता घेऊन निघण्याची वेळ पुढे-मागे करून पाहावी. समजा बावधनहून सकाळी ८:०० ला निघाल्यास मधला आकडा ३६ आणि संध्याकाळी ५:०० ला परत निघाल्यास ४३ आहे, म्हणजे एकूण ७९ मिनिटे. वाकडहून ९:०० ला निघाल्यास ४१ आणि ६:३० ला परत निघाल्यास ४६, एकूण ८७. दुप्पट अंतरावरचे घर लवकरच्या वेळेत कमी मिनिटे घेते. अर्थात वाकडचा माणूसही लवकर निघाला तर त्याचा वेळ आणखी वाचेल, त्यामुळे यावरून बावधन जवळ ठरत नाही. यावरून इतकेच कळते की लवकरची वेळ खरोखर तुमच्या हातात असेल, तर घरांमधला फरक सोसण्याजोगा होतो, आणि ती हातात नसेल, तर लांबच्या घरासाठी ती गृहीत धरणे धोक्याचे आहे. नोकरी बदलण्याचा विचार असेल तर खराडी किंवा शिवाजीनगर हे दुसरे टोक धरून पहिली फेरी एकदा करून ठेवावी.

मोजणीचा ऋतू

पुण्यात घरे बदलण्याचा मोसम एप्रिल–मे हा असतो, कारण शाळा जूनच्या मध्यावर सुरू होण्यापूर्वी कुटुंबांना स्थिर व्हायचे असते. नेमक्या याच काळात शाळांच्या बसगाड्या आणि मुलांना सोडायला निघालेल्या मोटारी रस्त्यावर नसतात, अनेक घरे गावाला गेलेली असतात आणि पाऊस नसतो. त्यामुळे मे महिन्यात मोजलेली वेळ ही वर्षातल्या चांगल्या दिवसांची वेळ असते. पावसाळ्यात महामार्गाखालच्या सखल वाटांमध्ये पाणी साचते, खड्ड्यांमुळे वेग उतरतो आणि दुचाकीवरची बरीच माणसे मोटारीकडे किंवा रिक्षाकडे वळतात. उलट गणेशोत्सवाचे किंवा पालखी सोहळ्याचे दिवस हे नेहमीचे नसतात, त्या दिवसांच्या नोंदी हिशेबात धरू नयेत.

मे महिन्यात मोजणी करणे भागच असेल, तर त्या भागात निदान एक वर्ष राहून त्याच पार्कमध्ये जाणाऱ्या दोन-तीन जणांना नेमका प्रश्न विचारावा: ‘जुलैमध्ये, पावसाच्या दिवशी, तुम्ही किती वाजता निघता आणि किती वाजता पोहोचता?’ ‘किती वेळ लागतो?’ असे विचारले तर लोक चांगल्या दिवसाचा आकडा सांगतात, निघण्याची वेळ विचारली तर सवयीने वाईट दिवसाचा सांगतात. अनुभव ताजा आहे ना, हेही विचारावे. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडण्यात आला आणि नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला, त्यामुळे त्याआधी बावधनमध्ये राहून गेलेल्या माणसाचे आकडे वेगळ्याच रस्त्याचे आहेत. माण ते शिवाजीनगर मेट्रोबाबतही हीच काळजी घ्यावी: तुमच्या घराजवळच्या आणि कार्यालयाजवळच्या स्थानकांदरम्यान गाडी प्रत्यक्ष धावत असेल, तर दारापासून स्थानक, फलाटावरची वाट, गाडीतली वेळ आणि उतरल्यावरचे चालणे असे तुकडे करून ती मोजावी, धावत नसेल तर तिचे मिनिट तक्त्यात लिहू नये, आणि तिच्या नावाने मागितल्या जाणाऱ्या जादा भाड्याचा विचार वेगळा करावा.

भाड्याच्या घरासाठी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करताना त्यात घर सोडता न येण्याचा काळ, म्हणजे लॉक-इन, किती महिन्यांचा आहे हे तपासावे. मेमध्ये करार होत असेल तर तो काळ तीन महिन्यांपेक्षा जास्त नसावा अशी मालकांशी बोलणी करून पाहावीत. मग जूनचा शेवटचा आठवडा आणि जुलैचा पहिला आठवडा, शाळा सुरू झालेल्या आणि पाऊस लागलेला असताना, त्याच दुव्यांनी त्याच वेळांना पुन्हा दहा नोंदी घ्याव्यात. निघण्याची वेळ मेमधल्या वेळेच्या पंधरा मिनिटांहून अधिक मागे गेली, तर उरलेल्या दोन घरांच्या ताज्या नोंदी हाताशी असतातच, आणि करारातला सूचना-काळ धरून ऑगस्टमध्ये बदल करता येतो.